सलग सात दिवस

माझे बाबा सही करण्याआधी वाचतात. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण त्यांच्याबरोबर राहून बघा. बँकेत, दवाखान्यात, कुरिअरवाल्याच्या पावतीवर, कुठेही सही करायची वेळ आली की ते चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात करतात. मागे रांग लागलेली असते. लोक खाकरतात. मी छताकडे बघते. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी, म्हणजे अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना, त्यांनी संमतिपत्राची दोन्ही पानं वाचली आणि "नातेवाईकांनी सर्व धोके समजून घेतले आहेत" या वाक्यावर डॉक्टरांना थांबवून सर्व धोके समजून घेतले. मी स्ट्रेचरवर होते.

बाबा वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू, मापं, पेट्रोलचे पंप तपासले आणि बरोबर असतील त्यांवर शिक्का मारला. बरोबर नसतील त्यांवर काय करायचं ते नियमात लिहिलेलं असायचं आणि ते तेवढंच करायचे, ना तसूभर कमी, ना जास्त. बदल्या इतक्या झाल्या की घर बांधायचं राहूनच गेलं. निवृत्तीला जे पैसे हातात आले ते आईच्या आजारपणात गेले, आईही गेली, आणि आम्ही दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. मी दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. भाडं माझ्या पगारातून जातं, करारावर सही बाबांची असते. सही आपलीच हवी, असा त्यांचा आग्रह होता, आणि तेवढं त्यांच्यासाठी सोडायला माझी काही हरकत नव्हती. तेव्हा नव्हती, असं म्हणायला हवं.

करार अकरा महिन्यांचा. घरमालकांचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव चष्मेवाले. माणूस वाईट नाही. पण त्या करारातलं एकही कलम असं नव्हतं की ज्याने आमच्या डोक्याला ताप दिला नाही.

"किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने व मोठी दुरुस्ती मालकाने करावी," असं एक कलम होतं. चौथ्या महिन्यात गिझर बंद पडला. आता गिझर किरकोळ की मोठा? चष्मेवाले म्हणाले, किरकोळ. बाबा म्हणाले, भिंतीला कायम बसवलेली वस्तू किरकोळ कशी. चष्मेवाले म्हणाले, अहो, आतली फक्त कॉइल गेलीय. बाबा म्हणाले, मग कलमात कॉइल असं लिहायला हवं होतं. दोघं अगदी सभ्यपणे, एकमेकांना "साहेब" म्हणत, तीन आठवडे शब्दांचा कीस पाडत होते. मी त्या तीन आठवड्यांत गॅसवर पातेल्यात पाणी तापवून अंघोळ करून कामाला जात होते. शेवटी मीच एक दिवस वायरमन बोलावला आणि पैसे दिले. बाबांनी वायरमनकडून पावती मागून घेतली आणि तिच्यावर पेन्सिलने लिहिलं, "वादग्रस्त."

दुसरं कलम होतं, "मालक केव्हाही जागेची पाहणी करू शकेल." चष्मेवाल्यांचा केव्हाही म्हणजे रविवारी सकाळी सात. फिरायला निघाले की वाटेत आमचं घर लागायचं. कधी मेहुणे बरोबर असायचे, एकदा मेहुण्यांचे व्याही होते. मी नाइटीवर ओढणी घेऊन दार उघडायची आणि बाबा त्यांना कलमात लिहिल्याप्रमाणे सगळी जागा दाखवायचे, संडाससुद्धा. "केव्हाही लिहिलंय, आपण सही केलीय," एवढंच त्यांचं उत्तर. मी कपाळाला हात लावायची.

पण ही दोन कलमं परवडली. खरा घोळ तिसऱ्याने घातला. ते असं होतं: "भाडेकरूकडे येणाऱ्या पाहुण्यांनी सदर जागेत सलग सात दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करू नये."

करार होऊन तीन महिने झाले आणि आत्या आली. बाबांची ही एकच बहीण, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. तिला मूलबाळ नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, धान्याचं दुकान कधीच विकलं गेलेलं. दिराच्या मुलाने तिला दवाखान्यात भरती केलं ते केलं, पण सोडायच्या दिवशी त्याने बाबांना फोन केला आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडे जागेची अडचण आहे." बाबा गाडी करून गेले आणि तिला घेऊन आले. ती वॉकर धरून दारात उभी राहिली आणि आत पाऊल टाकायच्या आधी म्हणाली, "आठ दिवसांसाठी आलेय हं मी. पुढचं मी बघेन."

हे तिने असं का म्हटलं ते मला माहीत होतं. सगळ्या नात्याला माहीत आहे. बाबांची नोकरी नवी असताना त्यांची बदली आत्याच्याच गावी झाली होती. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि बाबांना मेहुण्याच्याच दुकानात जावं लागलं. तराजू किलोमागे वीस ग्रॅम कमी देत होता. झिजला होता, मुद्दाम केलेलं नव्हतं, हे बाबाही मान्य करतात. त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की हे दुकान माझ्या नात्यातलं आहे, दुसरा माणूस पाठवा. दुसरा माणूस रजेवर होता. बाबांनी तराजू जप्त केला, पंचनामा केला, मेहुण्याची सही घेतली. दंड झाला, गावभर झालं. त्यानंतर आत्याच्या नवऱ्याने तिला एकोणीस वर्षं माहेरच्या माणसांकडे येऊ दिलं नाही. आजी गेली तेव्हा ती दारापर्यंत येऊन गेली, तेवढंच.

तर अशी ही बहीण आठ दिवसांसाठी आली, आणि बाबांनी सहाव्या दिवशी करार बाहेर काढला.

"उद्या सातवा दिवस," ते म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"सलग सात दिवसांपेक्षा जास्त नाही."

"बाबा, तिच्या पायात लोखंडाची पट्टी आहे."

"मी जा म्हणतच नाहीये. सलग म्हणजे मध्ये खंड नसलेला. एक रात्र मुक्काम दुसरीकडे झाला की खंड पडतो."

मला वाटलं गंमत करताहेत. ते गंमत करत नाहीत. आमच्या खाली, तळमजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. एकट्या असतात. बाबांनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. सात रात्री पूर्ण झाल्यावर, आठव्या दिवशी संध्याकाळी मी, बाबा आणि काकूंनी मिळून आत्याला खुर्चीत बसवलं आणि अठरा पायऱ्या उतरवल्या. तिने दातओठ खाऊन दुखणं सोसलं. रात्री ती काकूंच्या शिवणयंत्राशेजारी कॉटवर झोपली. सकाळी परत खुर्ची, परत अठरा पायऱ्या. बाबांनी कॅलेंडरवर गोल केला आणि नव्याने एक लिहिला.

मी भांडले. खूप भांडले. "कोण बघायला येणार आहे?" असं ओरडले. बाबा म्हणाले, "सही माझी आहे." मी म्हटलं, "चष्मेवाल्यांना एक फोन करा ना." तर म्हणाले, "फोन करून काय सांगू? पाहुणी आलीय, नियम मोडतोय, चालेल का? आणि ते म्हणाले नाही चालणार, तर?" आणि आत्याची कमाल अशी की तिने एकदाही तक्रार केली नाही. "त्याचं बरोबर आहे," म्हणायची. "दुसऱ्याच्या घरात राहायचं तर त्यांच्या नियमाने राहावं." कोण दुसरा, कुणाचं घर, हे मी विचारत नसे.

तर सात रात्री वर, एक रात्र खाली. त्यामुळे वार दर वेळी एकाने पुढे सरकायचा. एकदा सोमवार, मग मंगळवार, मग बुधवार. काकूंना आधी कळवावं लागायचं. त्यांच्याकडे लग्नाचे ब्लाउज आले की कॉटवर ढीग असायचा, तो हलवावा लागायचा. हळूहळू खुर्ची सुटली, वॉकर आला, मग काठी आली. आठ महिन्यांत तीस वेळा माझी आत्या एका रात्रीसाठी अठरा पायऱ्या उतरली आणि चढली. तिचे आठ दिवस काही संपले नाहीत. जायला जागाच नव्हती.

करार संपायला एक महिना राहिला तेव्हा बाबांनी चष्मेवाल्यांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. दोन पानी, मुद्देसूद. करार नव्याने करण्याची इच्छा, भाडेवाढीबाबत विनंती, अडचणीच्या ठरलेल्या तीन कलमांत सुचवलेले बदल. चष्मेवाल्यांनी मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं. बाबांनी ते चित्र मला दाखवलं आणि विचारलं, "याचा अर्थ मंजूर असा होतो का? कुठल्या मुद्द्याला?"

त्याच आठवड्यात आत्याच्या पुतण्याचा फोन आला. त्याने एका वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला होता. एक खाट रिकामी होणार होती, पहिल्या तारखेपासून. आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "तुमचा नवा करार होतोय, तेव्हाच मी निघते. नव्या करारात माझ्यामुळे खोडा नको." मी म्हटलं, बाबा ते कलम बदलून घेताहेत. ती म्हणाली, "मालक कशाला हो म्हणतील? घर त्यांचं आहे. आणि तुझा बाप मग सहीच करणार नाही, मी ओळखते त्याला." मीही ओळखत होते. बाबांनी आदल्या रात्री जेवताना जाहीरच केलं होतं, की कलम बदललं नाही तर सही नाही. म्हणजे एक तर आत्या जाणार होती, नाहीतर आम्ही तिघंही रस्त्यावर. मला रडूही येत होतं आणि बाबांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

करार एजंटबाईंच्या ऑफिसात व्हायचा होता. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाच्या मागची लांबट खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, अंगठ्याचं छोटं यंत्र, कॅमेरा, आणि भिंतीला लागून पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. बाईंना सगळे झटपटबाई म्हणतात. त्यांच्या एका कानाला कायम फोन असतो आणि त्या फोनवरच्या माणसाशी आणि समोरच्याशी एकाच वेळी बोलतात. शनिवारी दुपारी तीनची वेळ दिली होती. साडेतीनला पुढचं गिऱ्हाईक होतं.

"करार तयार आहे," त्या म्हणाल्या. "जुनाच घेतला, तारखा बदलल्या, भाडं दहा टक्के वाढवलं. सही करा, अंगठे द्या, झालं."

चौदा हजारांचे पंधरा हजार चारशे झाले होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेला चष्मा तो, त्यांना बघून बरं वाटलं असावं. ते हसले. बाबांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. झटपटबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

तिसऱ्या मिनिटाला बाबा म्हणाले, "यात डिपॉझिट आज मिळाले असं लिहिलंय."

"तेच हो. तुमचं जुनं बेचाळीस हजार आहेच ना त्यांच्याकडे."

"मग ते मागच्या करारातलं आहे असं लिहा. कुठल्या तारखेचा चेक, कितीचा, आणि तोच पुढे चालू आहे. नाहीतर उद्या मी आज काही दिलं नाही म्हणून हे म्हणतील डिपॉझिट मिळालंच नाही. किंवा मी म्हणेन दोनदा दिलं."

"मी कशाला असं म्हणेन?" चष्मेवाले म्हणाले.

"मीसुद्धा म्हणणार नाही," बाबा म्हणाले. "पण आपण दोघं नसताना हा कागद कुणीतरी वाचेल."

झटपटबाईंनी फोनवरच्या माणसाला "दोन मिनिटं हं" म्हटलं आणि टाइप केलं. इथवर ठीक होतं. मग भाड्याचा विषय निघाला. बाबा म्हणाले, पाच टक्के. चौदा हजार सातशे. वेळेवर भाडं, एकही दिवस उशीर नाही, भिंतीला एक खिळा ठोकलेला नाही. चष्मेवाले म्हणाले, साहेब, सोसायटीचा मेंटेनन्स मी भरतो, तो वाढलाय. बाबांनी विचारलं, कितीने? दोनशेने, असं निघालं. बाबा म्हणाले, मग दोनशेचं बोलू. चष्मेवाले चिडले. "अहो, मला एक जण सोळा द्यायला तयार आहे. विचारा बाईंना." झटपटबाईंनी मान डोलावली. बाबा म्हणाले, "त्यांनी सोळा द्यावेत. आपण आपल्या कराराचं बोलतोय." मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

दुरुस्तीचं मात्र सरळ झालं. दर वेळी दीड हजारांपर्यंतचा खर्च आमचा, वरचा मालकांचा, आणि रोजच्या वापराने जी वस्तू झिजून जाईल ती कितीचीही असो, मालकांची. गिझर, पंप, नळ अशी नावं घालून लिहिलं. बाबांनी खिशातून ती "वादग्रस्त" पावती काढली. चष्मेवाल्यांनी बघितली आणि हात जोडले. "हे पुढच्या भाड्यातून वळते करा साहेब. माझ्यानं आता गिझर नाही होत." पाहणीचंही जमलं. एक दिवस आधी कळवून, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि मालक स्वतः. "मेहुणे नको?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "मेहुणे पाहुणे म्हणून केव्हाही येऊ देत," बाबा म्हणाले.

आणि तिथून पाहुण्यांचा विषय निघाला.

"हे कलम काढा," बाबा म्हणाले.

चष्मेवाल्यांनी पहिल्यांदा खुर्ची मागे सरकवली. "ते नाही काढणार."

"का?"

"तुमच्या आधी एक जण होता. नवरा-बायको म्हणून करार केला. मग मावसभाऊ आला, मग मावसभावाचे मित्र. मी गेलो तर आठ जणांच्या गाद्या. खाटेचे पैसे घेत होता तो त्यांच्याकडून. म्हणायचा, पाहुणे आहेत. मला त्याला बाहेर काढायला सव्वा वर्ष लागलं आणि वकिलाने सोललं ते वेगळंच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात हे कलम आहे, आणि राहणार."

बाबांना ते पटलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं, आणि मला इतका संताप आला! वाद घालायची वेळ आली तेव्हाच यांना समोरच्याचं पटायचं होतं.

मग मीच बोलले. "काका, आमची आत्या आहे घरी. तुम्ही बघितलंय तिला."

"हो, मग? राहू दे की! त्यांना कोण काय म्हणतंय?" चष्मेवाले म्हणाले. "कलम आपलं कागदावर. तुमचं-आमचं तोंडी आहे ना."

मी सुटले असं मला वाटलं. बाबा म्हणाले, "तोंडी नको."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण मग कागदावर एक आणि घरात एक असं होईल. मी त्यावर सही कशी करू?"

झटपटबाईंनी फोन खाली ठेवला. हे मी पहिल्यांदाच बघितलं. "अहो काका," त्या म्हणाल्या, "मग आठ महिने काय करत होता तुम्ही?"

बाबांनी सांगितलं. सात रात्री वर, एक रात्र खाली, काकूंचं शिवणयंत्र, अठरा पायऱ्या. हिशेब तपासून घ्या, अशा सुरात सगळं सांगितलं. साडेतीनचं गिऱ्हाईक, एक जोडपं होतं, तेही दारात उभं राहून ऐकत होतं.

"मला वाटलं, त्यांना खाली करमतं," चष्मेवाले अगदी हळू म्हणाले. "साहेब, मोडलेल्या पायाने? तीस वेळा? अहो, मला एक फोन... मी त्याच दिवशी लिहून दिलं असतं. मी काय राक्षस आहे?"

मी आठ महिने हेच म्हणत होते, आणि आता ते दुसऱ्याने म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण बाबा टेबलावरच्या कागदाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते, आणि मला त्यांची दया आली. दया आली याचाही राग आला.

झटपटबाईंनीच तिढा सोडवला, तोही कॉम्प्युटरकडे बघत. "पण कलम काढायचं कशाला? तुमची बहीण पाहुणी आहे का? पाहुणी नसली तर कलम तिला लागतच नाही. इथे यादी आहे बघा, जागेत राहणाऱ्या व्यक्ती. तुम्ही आणि मुलगी आहात. तिसरं नाव घाला. नाव, वय, नातं, ओळखपत्राचा नंबर. संपलं. मी रोज घालते. सासवा, नातवंडं, सगळी घालते."

"घाला की," चष्मेवाले लगेच म्हणाले. "आत्ता घाला. पाहुण्यांचं कलम राहू दे, त्यांचं नाव वर येऊ दे. मला काय!"

इतकं सोपं होतं. तीस वेळा ती बाई जिना उतरली होती, आणि एक ओळ टाइप करायची होती. बाबांनी तेहतीस वर्षं कागद वाचले. या करारातलं प्रत्येक कलम त्यांना पाठ होतं. पण पहिल्या पानावरची ती यादी त्यांनी आपल्या दोघांची म्हणून वाचून सोडून दिली होती. दारात उभी राहून जिने "आठ दिवसांसाठी" म्हटलं, तिला त्यांनी तिच्या शब्दावरून पाहुणी धरलं, आणि मग पाहुण्यांच्या नियमाने वागवलं. तिची चूक नव्हती, त्यांची चूक होती, आणि ते त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

"सांगा नाव," झटपटबाई म्हणाल्या.

"तिला विचारावं लागेल," बाबा म्हणाले.

मी हात टेकले. "बाबा!"

"काका, साडेतीन कधीच वाजून गेले," झटपटबाई म्हणाल्या.

"तिचं नाव आहे. तिला न विचारता कसं घालू?" बाबा उठले. उठता उठता चष्मेवाल्यांकडे वळले. "भाडं पंधरा हजार करा."

चष्मेवाले बघतच राहिले. "मी तर साडेचौदाला पण तयार झालो असतो हो आता."

"नको. माणूस वाढलं. पाणी जास्त लागेल." आणि ते फोन घेऊन बाहेर गेले. घासाघीस करून सातशे वाचवायला निघालेला माणूस स्वतःच्याच आकड्यावर तीनशे वाढवून बाहेर गेला. महिन्याचे तीनशे, माझ्या पगारातले. मी त्यांच्या मागे गेले, भांडायलाच.

बाहेर झेरॉक्सच्या मशिनचा आवाज होता, आणि बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात आणि स्वतः ओरडून बोलतात. रांगेतले चार-पाच लोक वळून बघायला लागले. मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"ऐक," बाबा म्हणाले. "करारात तुझं नाव घालायचं म्हणताहेत. राहणाऱ्या माणसांत. पाहुण्यांत नाही."

त्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

"ऐकतेस का? नातं बहीण असं लिहितील. तुझी हरकत असेल तर सांग."

"मालक हो म्हणाले?" आत्याने विचारलं.

"हो."

"तू मागितलंस त्यांच्याकडे?"

बाबा खोटं बोलत नाहीत. "मला सुचलं नाही," ते म्हणाले. "एजंटबाईंना सुचलं. मला आधीच सुचायला हवं होतं. तू आलीस त्या दिवशीच. माझं चुकलं." मग घसा साफ करून, तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "आणि त्या तराजूच्या वेळीसुद्धा. तराजू चुकीचा होता, ते बरोबर आहे. पण जप्तीनंतर मी तुझ्या घरी यायला हवं होतं. मी आलो नाही. मेहुण्यांनी येऊ दिलं नसतं, तरी दारापर्यंत यायला हवं होतं."

रांगेतल्या एका बाईने आपले कागद छातीशी धरले. मशीनवाल्याने मशीन थांबवलं. मला कुठे बघावं ते कळेना. बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं, आईलाही सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि सांगितलं ते कुठे, तर झेरॉक्सच्या दुकानात, स्पीकरवर.

पलीकडून आत्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"किती दिवसांसाठी घालतात नाव?" तिने विचारलं.

"अकरा महिने."

"सलग?"

"सलग."

"आणि मग?"

आतून झटपटबाईंनी हाक मारली, काका, येताय ना. बाबांनी तिकडे पाठ केली.

"मग पुन्हा अकरा," ते म्हणाले.

"हे लेखी आहे?"

"नाही," माझे बाबा म्हणाले. "हे मी तोंडी सांगतोय."